पहिला फंड: निवडण्याआधी वगळा

म्युच्युअल फंडात पहिल्यांदा पैसे गुंतवायचं ठरवणारा माणूस बहुधा एकाच ठिकाणी अडकतो. पॅन आणि आधार जोडून केवायसी पूर्ण होते, बँक खातं जोडलं जातं, आणि मग मोबाइलच्या पडद्यावर फंडांची यादी उघडते. देशात चाळीसहून अधिक फंड कंपन्या आहेत आणि त्यांच्या योजना दीड हजारांवर. यादीत वर असतात ते गेल्या वर्षी सर्वांत जास्त परतावा देणारे. नावं एकमेकांसारखी, आकडे निरनिराळे, कुणाला चार तारे तर कुणाला पाच. दोन-तीन संध्याकाळी तुलना चालते, एखाददुसरा व्हिडिओ पाहिला जातो, आणि ‘पुढच्या महिन्यात निवांत बघू’ म्हणून अ‍ॅप बंद होतं. तो पुढचा महिना अनेकदा दोन-तीन वर्षांनी उगवतो.

हा आळस नव्हे. शीना अय्यंगार, गुर हुबरमन आणि वेई जियांग या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या निवृत्ती-बचत योजनांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास केला होता. सहाशेहून अधिक योजना आणि सुमारे आठ लाख कर्मचारी त्यात होते. कंपनीने योजनेत दहा फंड वाढवले, की सहभागी होणाऱ्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण साधारण दीड ते दोन टक्क्यांनी घसरत होतं. अशा बहुतेक योजनांमध्ये कर्मचाऱ्याने पैसे घातले तर कंपनीही काही भर घालते. म्हणजे पर्याय वाढल्यामुळे माणसं हातचे पैसेही सोडून देत होती.

यावर उपाय म्हणून अधिक माहिती गोळा केली, तर गुंता वाढतो. फंडांची एकमेकांशी तुलना हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. आपण ते पहिलं टाकतो. कुठल्या गावाला जायचं हे ठरलेलं नसताना एसटीचं वेळापत्रक चाळत बसण्यासारखं ते आहे. गाव ठरलं की नव्वद टक्के गाड्या बघायच्याच राहत नाहीत. फंडांच्या बाबतीतही प्रश्न योग्य क्रमाने विचारले, तर प्रत्येक उत्तरासरशी यादीतला मोठा भाग गळून पडतो, आणि शेवटी जे तीन-चार फंड उरतात त्यांतला कुठलाही घेतला तरी चालतं.

पहिला प्रश्न: पैसे कधी लागणार?

हा क्रम एका उदाहरणावरून पाहू. समजा, साताऱ्यात नोकरी करणारी तीस वर्षांची एक परिचारिका आहे. घरखर्च, भाडं, आईवडिलांना पाठवायचे पैसे सगळं जाऊन तिच्याकडे महिन्याला ८,००० रुपये उरतात. अडीअडचणीसाठी बँकेत सव्वा लाखाची मुदत ठेव आहे; तिचा साधारण पाच महिन्यांचा खर्च त्यातून निघतो. दोन वर्षांनी तिला स्कूटर घ्यायची आहे. त्यापलीकडे ‘पुढेमागे घरासाठी’ असा मोघम विचार आहे.

स्कूटरचे पैसे दोन वर्षांत लागणार आहेत. हे पैसे शेअर बाजाराशी जोडलेल्या कुठल्याही फंडात जाऊ नयेत. त्याचं कारण बाजाराच्या इतिहासात आहे. १४ जानेवारी २०२० रोजी निफ्टी ५० निर्देशांक १२,३६२ वर बंद झाला होता. २३ मार्चला तो ७,६१० वर होता. दहा आठवड्यांत ३८ टक्के घसरण. तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पूर्वपदावर आला, म्हणून ही घसरण लोकांना सुसह्य वाटते. पण २००८ची गोष्ट वेगळी होती. त्या वर्षी जानेवारीत ६,२८७ वर असलेला निफ्टी ऑक्टोबरात २,५२४ वर आला. २०१०च्या अखेरीस तो जुन्या पातळीला शिवून आला खरा, पण पुन्हा घसरला आणि ऑगस्ट २०१३च्या शेवटी ५,३००च्या आसपास होता. म्हणजे जानेवारी २००८ मध्ये एकरकमी पैसे गुंतवलेल्या माणसाला साडेपाच वर्षांनीही निर्देशांक आपल्या खरेदीच्या खालीच दिसत होता. मधल्या काळात मिळालेला लाभांश धरला, तरी हाती फारसं काही लागलं नव्हतं.

म्हणून ढोबळ नियम असा: तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे शेअरबाजारापासून लांब ठेवायचे, सात वर्षं किंवा त्याहून जास्त काळ हात लावायचा नसेल तेच समभाग फंडात घालायचे. मधल्या काळासाठी थोडं इकडे, थोडं तिकडे. सात हा आकडा काही कायद्यात लिहिलेला नाही, पण २००८ ते २०१३ हा काळ पाहिला की तो का सांगतात ते कळतं.

आपल्या परिचारिकेने ८,००० रुपयांचे दोन भाग केले. ३,००० स्कूटरसाठी. त्यासाठी बँकेची आवर्ती ठेव पुरेशी आहे. फंडच हवा असेल, तर लिक्विड फंड. तो ९१ दिवसांपर्यंत मुदत असलेल्या रोख्यांतच पैसे ठेवतो, त्यामुळे त्यात चढउतार फार कमी असतो आणि विक्री केल्यावर पैसे साधारण पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. अशा फंडावरचा नफा आता ठेवीच्या व्याजासारखाच उत्पन्नात धरून करपात्र होतो, त्यामुळे कराच्या दृष्टीने मोठा फरक नाही. ज्यात तिला सोयीचं वाटेल ते तिने घ्यावं; दोन वर्षांत तीन हजारांच्या हप्त्यावर यातून पडणारा फरक किरकोळ आहे.

उरलेले ५,००० दहा वर्षांसाठी. म्हणजे समभाग फंड. इथे रोखे फंडांच्या सगळ्या शाखा यादीतून एकदम गेल्या.

दुसरा प्रश्न: कुठले प्रकार आपल्यासाठी नाहीतच?

२०१७च्या ऑक्टोबरात सेबीने फंडांचं वर्गीकरण ठरवून दिलं. त्याआधी एकाच कंपनीच्या चार-चार सारख्याच योजना निरनिराळ्या नावांनी विकल्या जात. नव्या नियमाने प्रत्येक प्रकाराची व्याख्या ठरली आणि एका कंपनीने एका प्रकारात एकच योजना चालवावी असं बंधन आलं. उदाहरणार्थ, बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या म्हणजे लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप, त्यापुढच्या स्मॉल कॅप. आणि लार्ज कॅप फंडाने किमान ८० टक्के पैसे पहिल्या शंभरांत ठेवायचे.

मग यादी इतकी लांब का? या नियमातून सेक्टर व थीमवर आधारित फंड आणि निर्देशांक फंड यांना सूट मिळाली. म्हणून औषध कंपन्यांचा, संरक्षण उद्योगाचा, पर्यटनाचा, इलेक्ट्रिक गाड्यांचा असे फंड येत राहतात. नेमके हेच फंड ‘गेल्या एका वर्षात सर्वांत जास्त परतावा’ या यादीत वर दिसतात, कारण एकाच क्षेत्रात सगळे पैसे असले की चढताना तो फंड सगळ्यांच्या पुढे असतो. उतरताना तो तितक्याच वेगाने मागे पडतो; फक्त तेव्हा तो यादीच्या तळाशी गेलेला असतो आणि कुणाच्या नजरेला पडत नाही. पहिल्या खरेदीसाठी हा सगळा गट वगळायचा.

त्यापाठोपाठ ईएलएसएस, म्हणजे करबचतीचे फंड. त्यांची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. आपली परिचारिका नव्या करपद्धतीत आहे, त्यामुळे तिच्या हाती फक्त तीन वर्षांचं बंधन उरेल, फायदा नाही. वगळा. मुलांच्या आणि निवृत्तीच्या नावाने असलेल्या फंडांत पैसे पाच वर्षं अडकू शकतात. वगळा. परदेशी बाजारांचे फंड, सोन्याचे फंड, फंडांत गुंतवणारे फंड यांना पुढे कधीतरी जागा असू शकते, पण पहिल्या खरेदीत त्यांचं काम नाही.

आणि एनएफओ. नव्या फंडाचं युनिट दहा रुपयांना मिळतं, जुन्या फंडाचं दोनशेला. म्हणून नवा ‘स्वस्त’ असा समज अजून टिकून आहे. ५,००० रुपयांत दहा रुपयांचे ५०० युनिट आले काय आणि दोनशे रुपयांचे २५ आले काय, दोन्हींच्या मागच्या कंपन्या दहा टक्के वर गेल्या तर दोन्हीकडे ५,५०० रुपयेच होतात. नव्या फंडाच्या बाबतीत फरक एवढाच, की त्याची वागणूक तपासायला मागचं काहीच नसतं.

एवढं झाल्यावर शिल्लक राहतात ते विविध कंपन्यांत पैसे विभागणारे फंड: लार्ज कॅप, फ्लेक्सी कॅप, मिड कॅप, स्मॉल कॅप असे व्यवस्थापकाच्या निवडीने चालणारे, आणि दुसरीकडे निर्देशांक फंड.

तिसरा प्रश्न: बिघाड झाला तर मला कळेल का?

इथे बहुतेक लोक ‘कोणता जास्त देईल’ असं विचारतात. त्याचं उत्तर कुणाजवळ नाही. त्याऐवजी असं विचारावं, की हा फंड आपलं काम नीट करतोय की नाही हे मला स्वतःला ओळखता येईल का.

व्यवस्थापकाच्या निवडीने चालणारा फंड दोन वर्षं मागे पडला, तर त्याची कारणं अनेक असू शकतात. त्याची शैली सध्या बाजाराला मानवत नसेल, व्यवस्थापक बदलला असेल, फंड फार मोठा झाला असेल, किंवा निवडच चुकली असेल. यांतलं नेमकं कुठलं, हे मुरलेल्या माणसालाही पटकन सांगता येत नाही. मग नवखा गुंतवणूकदार धीर सोडतो, फंड विकतो आणि यादीत त्या वर्षी वर असलेला दुसरा घेतो. दुसरी गोष्ट, भारतातल्या लार्ज कॅप फंडांचा दीर्घ मुदतीचा हिशेब एसअँडपी संस्था नियमित प्रसिद्ध करते, आणि दहा वर्षांच्या मुदतीत निम्म्याहून जास्त फंड आपल्या निर्देशांकाच्या मागे राहिल्याचं त्यात दिसत आलं आहे. पुढे राहिलेले कोणते, हे दहा वर्षांनंतर कळतं. खरेदीच्या दिवशी नाही.

निर्देशांक फंडाचं काम मात्र मोजता येतं. निफ्टी ५० मध्ये पन्नास मोठ्या कंपन्या आहेत. बाजारात खुल्या असलेल्या शेअरांच्या मूल्याप्रमाणे प्रत्येकीचं वजन ठरतं, आणि ही यादी वर्षातून दोनदा तपासली जाते. फंडाने त्याच कंपन्या त्याच वजनाने घ्यायच्या, एवढंच काम. निर्देशांक लाभांशासह १२.४० टक्के वाढला आणि फंड १२.१५ टक्के वाढला, तर पाव टक्का मागे. हा आकडा घरबसल्या पाहता येतो आणि त्यात कुणाच्या मताला वाव नाही.

त्याच्या मर्यादाही स्वच्छ आहेत. हा फंड निर्देशांकाच्या पुढे कधीच जाणार नाही. बाजार ३८ टक्के पडला की तोही तितकाच पडेल. सावरून धरायला कुणी व्यवस्थापक नाही. पन्नासच कंपन्या आहेत, आणि त्यांत बँका व वित्तसंस्थांचं वजन साधारण एक तृतीयांश आहे. त्या क्षेत्राला सर्दी झाली तर फंडाला ताप येतो. एवढी घसरण सोसवणार नाही असं वाटत असेल, तर फंड बदलण्यापेक्षा रक्कम बदलणं सोपं. ५,००० ऐवजी ३,००० फंडात घालावेत आणि २,००० पीपीएफ किंवा ठेवीत. समभाग व रोखे एकत्र असलेले हायब्रिड फंड हेच काम आतल्या आत करतात, पण मग त्यांतला कोणता निवडायचा ही नवी यादी समोर येते.

आपल्या परिचारिकेने निफ्टी ५० निर्देशांक फंड ठरवला. दीड हजारांची यादी आता काही डझनांवर आली.

चौथा प्रश्न: नावात नेमकं काय लिहिलं आहे?

या डझनांतही बरेच जण वेश बदलून आलेले असतात. निफ्टी नेक्स्ट ५० म्हणजे पहिल्या पन्नासानंतरच्या पन्नास कंपन्या. त्यात चढउतार जास्त. निफ्टी ५० इक्वल वेट म्हणजे कंपन्या त्याच, पण प्रत्येकीला सारखं वजन. निफ्टी २०० मोमेंटम ३० म्हणजे वेगाने वाढलेले तीस शेअर सूत्राने निवडलेले. हे सगळे निर्देशांक फंडच आहेत, पण आपण शोधत आहोत तो नव्हे. मोमेंटमसारखे फंड व्यवस्थापकाऐवजी सूत्रावर पैज लावतात, एवढाच फरक.

ईटीएफ हाही वेगळा प्रकार. तो शेअरसारखा बाजारात विकत घ्यावा लागतो, त्यासाठी डीमॅट खातं लागतं, आणि उलाढाल कमी असलेल्या ईटीएफमध्ये खरेदीची किंमत त्याच्या खऱ्या मूल्यापेक्षा वर-खाली असू शकते. दर महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप जावी असं वाटणाऱ्याला साधा फंड सोयीचा.

मग उरतात दोन जोड्या. पहिली जोडी डायरेक्ट आणि रेग्युलर. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचा डायरेक्ट प्लॅन असावाच लागतो. दोन्हींत कंपन्या त्याच, व्यवस्थापन तेच. रेग्युलरमध्ये वितरकाचं किंवा बँकेचं कमिशन दरवर्षी फंडाच्या खर्चातून जातं. ते वेगळं बिल म्हणून कधी दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं वाटतं. समजा, खर्चात अर्ध्या टक्क्याचा फरक आहे. महिन्याला ५,००० रुपये, दहा वर्षं, आणि परतावा वर्षाला १० टक्के धरला तर साधारण १० लाख २४ हजार रुपये होतात. साडेनऊ टक्क्यांनी सुमारे ९ लाख ९५ हजार. जवळपास २९ हजारांचा फरक. बाजार पडल्यावर धीर देणारा, कागदपत्रं सांभाळणारा चांगला वितरक असेल, तर हे पैसे वाया गेले असं म्हणता येत नाही. पण अ‍ॅपवर स्वतःच बटण दाबणाऱ्याने ते कशासाठी द्यायचे?

दुसरी जोडी ग्रोथ आणि आयडीसीडब्ल्यू. दुसऱ्याला एप्रिल २०२१ पर्यंत ‘डिव्हिडंड’ म्हणत. लाभांश या शब्दाने वरकड काही मिळतं असा समज व्हायचा. प्रत्यक्षात आपल्याच युनिटच्या मूल्यातून पैसे काढून आपल्याला दिले जातात आणि त्यावर कर लागतो. दहा वर्षं पैसे वाढू द्यायचे असतील तर ग्रोथ.

म्हणजे पडद्यावर शोधायचं नाव असं असलं पाहिजे:

Nifty 50 Index Fund – Direct Plan – Growth

आधी कंपनीचं नाव असेल, पण हे सगळे शब्द हवेत आणि ‘५०’ व ‘इंडेक्स’ या दोन शब्दांमध्ये दुसरा कुठलाही शब्द नको.

शेवटचे तीन, आणि इथेच थांबायचं

उरलेल्या फंडांत पाहायच्या गोष्टी दोनच: खर्चाचं प्रमाण आणि ट्रॅकिंग डिफरन्स, म्हणजे निर्देशांकाच्या तुलनेत फंड किती मागे राहिला. मे २०२२ मधल्या सेबीच्या परिपत्रकानुसार निर्देशांक फंडांना हा दुसरा आकडा एक, तीन, पाच, दहा वर्षांसाठी दर महिन्याला जाहीर करावा लागतो. तो फंड कंपनीच्या आणि अ‍ॅम्फीच्या संकेतस्थळावर मिळतो. किमान तीन वर्षं जुना असलेलाच फंड बघावा, म्हणजे आकड्याला अर्थ राहतो.

परिचारिकेसमोर समजा तीन नावं आली. पहिल्याचा खर्च ०.१८ टक्के, तीन वर्षांत दरवर्षी मागे राहिला ०.२४ टक्के. दुसऱ्याचा खर्च ०.२०, मागे ०.२९. तिसऱ्याचा खर्च ०.१५, म्हणजे सर्वांत स्वस्त. पण मागे राहिला ०.५२ टक्के.

तिसरा बाद. खर्च कमी असून तो मागे पडतो, याचा अर्थ काम ढिसाळ आहे. लोकांना पैसे परत देण्यासाठी बरीच रोकड हाताशी ठेवली जात असेल, निर्देशांकातली कंपनी बदलल्यावर खरेदी-विक्री उशिरा होत असेल, किंवा फंड इतका लहान असेल की प्रत्येक आवक-जावक त्याला जाणवते. कारण कोणतंही असो, आकडा पुरेसा आहे. फक्त खर्च बघून निवडणारा इथे फसला असता.

आता पहिला आणि दुसरा. दोघांत फरक ०.०५ टक्क्याचा. बहुतेक माणसं पुन्हा इथेच अडकतात. कुणाचा व्यवस्थापक कोण, कुणाची मालमत्ता किती हजार कोटी, कुणाला किती तारे असा शोध सुरू होतो. त्याआधी हिशेब करावा. पहिल्या वर्षी साठ हजार रुपये हळूहळू जमा होणार, म्हणजे सरासरी शिल्लक तीस-बत्तीस हजारांची. त्यावर ०.०५ टक्का म्हणजे सोळा-सतरा रुपये. दहा वर्षांत हा फरक तीन हजारांच्या आत राहतो, तेही आजचा फरक तसाच टिकला तर. आणि तो टिकेल याची खात्री नाही. पुढच्या वर्षी दुसरा पहिल्याच्या पुढे असू शकतो.

त्याच्या शेजारी थांबण्याची किंमत ठेवा. हीच एसआयपी एक वर्ष उशिरा सुरू झाली, तर त्याच १० टक्क्यांच्या गृहीतकाने दहा वर्षांनंतर सुमारे ८ लाख ७० हजार होतात. फरक १ लाख ५४ हजारांचा. त्यातले न गुंतवलेले साठ हजार तिच्या खात्यात पडून असतील असं मानलं, तरी ९४ हजार उरतात. बचत खात्याचं व्याज धरून यातून थोडे कमी करा. ही हमी नाही. ते पहिलं वर्षच घसरणीचं निघालं, तर थांबणाऱ्याचा फायदाही होऊ शकतो. पण दोन फंडांतला फरक हजारांत आहे आणि एका वर्षाच्या उशिराचा फरक कितीतरी पटींनी मोठा आहे, हे प्रमाण गृहीतक थोडं बदललं तरी फारसं बदलत नाही.

म्हणून शेवटच्या दोघांतला कुठलाही. ज्या फंड कंपनीचं संकेतस्थळ समजायला सोपं वाटतं तो, किंवा यादीत जो आधी दिसला तो.

खरेदीच्या दिवशी आणि त्यानंतर

पगार ज्या तारखेला होतो त्यानंतर तीन-चार दिवसांची तारीख एसआयपीसाठी द्यावी. खात्यात पैसे नसताना हप्ता गेला, तर फंड दंड करत नाही, पण बँक करू शकते. वारसदाराचं नाव लगेच भरावं. पैसे ज्या दिवशी फंडाकडे पोचतात त्या दिवशीच्या भावाने युनिट मिळतात, म्हणून बटण दाबल्यावर दोन-तीन दिवस काही दिसलं नाही तरी घाबरू नये.

पहिलं विवरणपत्र आलं की एकच गोष्ट तपासावी: त्यावर डायरेक्ट आणि ग्रोथ हे दोन्ही शब्द आहेत का. चूक पहिल्याच महिन्यात दिसली तर ती स्वस्तात सुटते. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं हे आयकराच्या दृष्टीने विक्रीच मानलं जातं, त्यामुळे चार वर्षांनी लक्षात आलं तर नफ्यावर कर भरून बाहेर पडावं लागतं. समभाग फंडात एका वर्षानंतरच्या विक्रीवर, वर्षभरातला असा एकूण नफा सव्वा लाखावर गेला तर वरच्या रकमेवर साडेबारा टक्के कर आहे. वर्षाच्या आत विकलं तर वीस टक्के.

पुढचा धोका सहा-आठ महिन्यांनी येतो. कुणीतरी सांगतं की माझ्या स्मॉल कॅपने तीस टक्के दिले. मग एक स्मॉल कॅप घेतला जातो, मागाहून एक फ्लेक्सी कॅप, बँकेतल्या ओळखीच्या माणसाने सुचवलेला एक लार्ज कॅप. दोन वर्षांत आठ फंड होतात आणि उघडून पाहिलं तर पाच फंडांत त्याच बँका, त्याच सॉफ्टवेअर कंपन्या वरच्या क्रमांकावर. फंडांची नावं वाढली, गुंतवणूक पसरली नाही. दुसरा फंड घेण्याचं कारण नवं उद्दिष्ट किंवा नवी मुदत हे असावं. दुसऱ्याचा परतावा हे नसावं. परिचारिकेने दोन वर्षांनी स्कूटर घेतली की ते ३,००० रुपये मोकळे होतील. त्या वेळी घराचा विचार पक्का होऊन तो पाच वर्षांवर आला असेल, तर ते ठेवीत जातील. अजून मोघमच असेल, तर याच निफ्टी फंडाचा हप्ता ८,०००चा होईल. दोन्ही वेळा नवी यादी उघडायची गरज नाही.

आणि विकायचं कधी? पैसे लागण्याची वेळ दोन-तीन वर्षांवर आली की थोडे थोडे काढून ठेवीत न्यायला सुरुवात करावी. त्याशिवाय फंड सोडण्याची कारणं दोनच आहेत. सलग दोन वर्षं तो निर्देशांकाच्या इतका मागे राहिला की त्याच प्रकारचे इतर फंड स्पष्टपणे पुढे आहेत, किंवा त्याने खर्च इतका वाढवला की तो इतरांपेक्षा महाग झाला. हे पाहायला वर्षातून एकदा दहा मिनिटं पुरतात. बाजार पडला हे कारण या यादीत नाही. तो दहा वर्षांत दोन-तीनदा पडणारच, हे पहिल्या प्रश्नाच्या वेळीच हिशेबात धरलेलं होतं.